औषध-पाण्याचा गजर : स्नूझ केव्हा, बंद केव्हा



मंडळातल्या आम्हा चार-पाच निवृत्त मंडळींकडे अलीकडे एक काम वारंवार येऊ लागले आहे. मुलगा किंवा सून घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी स्मार्टवॉच घेऊन येतात, हौसेने त्यात औषधाचे आणि पाण्याचे गजर लावून देतात, आणि पंधरा दिवसांनी लक्षात येते की घड्याळ रोज वाजते आहे, पण गोळ्या डबीत तशाच आहेत. कधी त्याच्या उलट होते. घड्याळ दोनदा वाजले म्हणून गोळीही दोनदा घेतली जाते. हे दुसरे जास्त धोक्याचे. साखरेच्या काही गोळ्या दुप्पट गेल्या किंवा उपाशीपोटी गेल्या, तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात कापतात, माणूस भोवळ येऊन पडू शकतो.

गजर लावणे हे पाच मिनिटांचे काम आहे. तो वाजल्यावर कोणते बटण केव्हा दाबायचे, हे घरात ठरवणे हे खरे काम. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. औषधाचा गजर पाण्याच्या आठवणींच्या गर्दीत हरवता कामा नये. या दोनच मुद्द्यांभोवती हा लेख आहे. उदाहरण म्हणून इथल्याच, इंदुरातल्या एका घराचे घेतो. घरातल्या आजींना आपण माई म्हणू. वय ८१, चालत्या-फिरत्या, बुद्धी तल्लख. मुलगा-सून दोघेही नोकरीला, त्यामुळे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्या घरात एकट्या.

आधी कागद, मग घड्याळ

घड्याळ हातात घेण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून एका कागदावर दिवसाचा तक्ता मांडावा. पुष्कळ जण एका गोळीला एक गजर लावतात. माईंना दिवसात सहा गोळ्या आहेत, म्हणून सहा गजर लावलेले होते. त्यांतले दोन तर पाच मिनिटांच्या अंतराने वाजत. पहिल्या गजराला माई दोन्ही गोळ्या घेत आणि दुसरा वाजला की गोंधळत. गजर गोळीला लावायचा नसतो, वेळेला लावायचा असतो. त्या वेळेच्या सगळ्या गोळ्या एकत्र.

माईंचा तक्ता असा झाला. सकाळी ६.३० वाजता थायरॉइडची गोळी, उपाशीपोटी आणि नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, चहासुद्धा नाही. सकाळी ८.३० वाजता, पोहे किंवा पोळी-भाजीचा नाश्ता झाल्यावर, रक्तदाबाची गोळी आणि साखरेची मेटफॉर्मिन. दुपारी १.३० वाजता जेवणानंतर कॅल्शियम. रात्री ८.३० वाजता जेवणानंतर पुन्हा मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी. सहा गोळ्या, चार गजर.

कॅल्शियम दुपारवर टाकण्यामागे कारण आहे. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला पोटात नीट शोषू देत नाहीत, म्हणून त्यांच्यात निदान चार तासांचे अंतर सांगतात. गोळ्यांच्या वेळा आपल्या सोयीने एकत्र करताना अशा जोड्या मोडत नाहीत ना, हे डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला एकदा विचारून घ्यावे. त्याच भेटीत प्रत्येक गोळीबद्दल आणखी एक प्रश्न विचारावा. ‘ही घ्यायची राहिली तर काय करायचे?’ उत्तर त्याच कागदावर लिहावे. राहिलेली भरून काढायला पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, हे बहुतेक गोळ्यांना लागू असते.

वाजणारा गजर आणि नुसती आठवण

स्मार्टवॉचमध्ये दोन वेगळ्या सोयी असतात आणि इथेच पहिली गफलत होते. एक Alarm, म्हणजे गजर. तो वाजत किंवा थरथरत राहतो, आणि त्याला बंद करणे किंवा पुढे ढकलणे असे दोन पर्याय असतात. दुसरी Reminder, म्हणजे आठवण. ती बहुधा एकदा थरथरते, पडद्यावर काही सेकंद दिसते आणि जाते. माई त्या क्षणी कणीक मळत असतील, तर आठवण आली कधी आणि गेली कधी, त्यांना कळणारही नाही.

म्हणून औषधासाठी Alarm वापरावा आणि पाण्यासाठी Reminder. घड्याळासोबतच्या अ‍ॅपमध्ये ‘औषधाची आठवण’ अशी वेगळी सोय असली, तरी ती आधी तपासावी. ती एकदाच थरथरून गप्प बसत असेल, तर तिच्यावर भिस्त ठेवू नये. एखाद्या दिवशी पेलाभर पाणी चुकले तर पुढच्या तासाला भरून निघते, गोळीचे तसे नसते.

आवाजाचेही पाहावे. वय झाल्यावर उंच, बारीक आवाज सर्वांत आधी ऐकू येईनासे होतात, आणि घड्याळाची टीटी नेमकी तशीच असते. त्यामुळे वृद्धांच्या बाबतीत मनगटाला जाणवणारे कंपन जास्त कामाचे. पट्टा मात्र सैल नको. बांगड्यांना अडतो म्हणून माई घड्याळ सैल बांधत, आणि ते हातावर फिरत राही. बांगड्या एका हातात आणि घड्याळ दुसऱ्या हातात, मनगटाच्या हाडाच्या थोडे वर, पट्ट्याखाली जेमतेम एक बोट जाईल इतपत, असे केल्यावर कंपन नीट जाणवू लागले. Vibration नावाच्या पर्यायात कमी-जास्त करण्याची सोय असली तर ते सर्वांत जोरावर ठेवावे.

Repeat : रोजचा की एकदाचा?

नवा गजर लावताना वेळेच्या खाली Repeat असा पर्याय दिसतो. बऱ्याच घड्याळांत तो मुळात Once वर असतो. म्हणजे गजर उद्या एकदा वाजेल आणि स्वतःच बंद होईल. ‘पहिल्या दिवशी वाजला, मग वाजलाच नाही’ ही तक्रार आली की आम्ही आधी हेच बघतो. तिथे Everyday निवडावे. काही घड्याळांत त्याऐवजी सात वार दिसतात. ते सातही निवडावे लागतात, आणि सोमवार ते शुक्रवार तयार निवडलेले असतील तर शनिवार-रविवार राहून जातात. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असेल, उदाहरणार्थ हाडांसाठीची किंवा व्हिटॅमिन डीची, तर तिला फक्त तो एक वार निवडून वेगळा गजर द्यावा.

वेळ टाकताना AM आणि PM यांचा घोळ होतो, विशेषतः दुपारी बाराला. दुपारचे बारा म्हणजे 12 PM. शक्य असेल तर लावणाऱ्याने २४ तासांची पद्धत ठेवावी. माईंचे गजर 06:30, 08:30, 13:30 आणि 20:30 असे टाकले, आणि घड्याळाच्या दर्शनी पडद्यावर मात्र त्यांच्या सवयीचे बारा तासांचे काटे ठेवले. गजराला नाव देण्याची सोय असेल तर नाव जरूर द्यावे, पण ते गोळीचे नको. ‘नाश्त्यानंतर’, ‘जेवणानंतर’ अशी नावे वाचून काय करायचे ते लगेच कळते.

गजर मोबाइलच्या अ‍ॅपमधून लावले असतील, तर ते घड्याळात उतरले आहेत याची खात्री करावी. त्यासाठी साधी परीक्षा आहे. दोन मिनिटांनंतरचा एक गजर लावा, घड्याळात तो पोचला असे दिसले की मोबाइलचे ब्लूटूथ बंद करा आणि वाट पहा. घड्याळ वाजले तर गजर घड्याळातच साठलेला आहे आणि मुलगा मोबाइल घेऊन ऑफिसला गेला तरी तो वाजेल. न वाजले तर गजर मोबाइलवर अवलंबून आहे, आणि तो मोबाइल माईंच्या घरातच राहायला हवा.

स्नूझ म्हणजे ‘अजून नाही’, बंद म्हणजे ‘गोळी पोटात गेली’

गजर वाजला की माणसाचा हात आपोआप तो बंद करायला जातो. ‘हे एवढे आवरते आणि मग घेते’ असे म्हणून गजर बंद केला, की पुढची आठवण करून देणारे कोणी उरत नाही. स्नूझ याच क्षणासाठी आहे. Snooze दाबले की गजर तेवढ्यापुरता थांबतो आणि ठरावीक मिनिटांनी पुन्हा वाजतो.

म्हणून घरासाठी एकच नियम ठरवावा. गजर वाजला, पण गोळी लगेच घेता येत नाही, तर Snooze. गोळी घेऊन पाणी प्यायले, त्यानंतरच Stop. गोळी तोंडात जाण्याआधी Stop दाबायचे नाही. माईंच्या सुनेने तो त्यांना समजावला. ‘‘माई, बंद करायचं बटण गोळी पोटात गेल्यावरच हं.’’ माई म्हणाल्या, ‘‘अगं, पण तोवर ते मनगटाला चावत राहतंय ना!’’ ते चावत राहावे म्हणूनच तर लावायचे, हे हसत-हसत ठरले आणि लक्षातही राहिले.

स्नूझची दोन मापे असतात. किती मिनिटांनी पुन्हा वाजावे आणि किती वेळा वाजावे. काही घड्याळांत ही बदलता येतात, काहींत ती कायम असतात. बदलता येत असतील तर १० मिनिटे आणि ३ वेळा हे माप बहुतेक घरांना जमते. पाच मिनिटांत जेवण उरकत नाही, मग वृद्ध माणूस वैतागून Stop दाबतो. अर्ध्या तासाचे अंतर ठेवले तर मधल्या वेळात विषयच डोक्यातून जातो.

दोन गोष्टी मात्र प्रत्यक्ष करूनच पाहाव्या लागतात, कारण त्या प्रत्येक घड्याळात निराळ्या असतात. पहिली, बाजूचे बटण दाबले तर काय होते? काही घड्याळांत ते स्नूझ असते, काहींत बंद. पडद्यावर बोट एका बाजूला सरकवले किंवा तळहात ठेवला तरी काहींत गजर गप्प होतो. दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे, कोणीच हात लावला नाही तर काय होते? चाचणीचा गजर लावा, तो वाजू द्या आणि घड्याळाला स्पर्श न करता बसून राहा. काही घड्याळे थोडा वेळ वाजून स्वतःच स्नूझवर जातात आणि पुन्हा वाजतात. काही मात्र गप्प होतात ती दुसऱ्या दिवसापर्यंत. माईंचे घड्याळ या दुसऱ्या जातीचे निघाले. त्या अंघोळीला गेल्या आणि घड्याळ बाहेर राहिले, तर गजर वाया. उपाय सोपा होता. साडेआठचा गजर सर्वांत जास्त हुकण्याजोगा, म्हणून नऊ वाजता ‘डबी पाहा’ नावाचा आणखी एक गजर लावला. नाव मुद्दाम ‘डबी पाहा’. ‘गोळी घ्या’ असते तर गोळी दोनदा गेली असती.

डबी हाच हिशेब

गोळी घेतली की नाही, हे घड्याळाला कळत नाही. त्याला बटण दाबलेले तेवढे कळते. दाबणाऱ्यालाही तासाभराने नक्की आठवत नाही. म्हणून सात दिवसांची, प्रत्येक दिवसाला चार खण असलेली गोळ्यांची डबी घड्याळाच्या जोडीला हवीच. बाजारात ती सहज मिळते. दर रविवारी घरातल्या एकाच व्यक्तीने ती भरावी.

गजर वाजला की आधी डबी उघडायची. खणात गोळ्या आहेत, तर घ्यायच्या. खण रिकामा आहे, तर गोळ्या घेऊन झाल्या आहेत. घड्याळ कितीही वाजो, नुसते Stop दाबायचे. घड्याळ वेळ सांगते आणि डबी खरे-खोटे सांगते. आमची बँकेतली भाषा वापरायची तर गजर ही स्टँडिंग इन्स्ट्रक्शन आहे आणि डबी हे खाते. सूचना दिली म्हणजे रक्कम जमा झाली असे होत नाही, खाते उघडून पाहावे लागते.

ज्यांच्याकडे आयफोन आणि अ‍ॅपल वॉच आहे, त्यांच्या फोनमधल्या Health अ‍ॅपमध्ये Medications ही सोय आहे. तिथे वेळेला आठवण येते आणि मनगटावरच Taken किंवा Skipped अशी नोंद करता येते. नोंद झाली नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा आठवण करणारा पर्यायही आहे, तो चालू करावा. पण तिथेही Taken दाबणे आणि गोळी गिळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. डबी ठेवायचीच.

पाण्याची आठवण : थोडी आणि वेगळी

पाण्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. हृदय अशक्त असणाऱ्यांना आणि मूत्रपिंडाचे काही आजार असणाऱ्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितलेले असते. त्यांच्या हाताला तासातासाला ‘पाणी प्या’ सांगणारे घड्याळ बांधणे हे नुकसानीचे आहे. ज्यांना असे बंधन नाही त्यांना आठवणीची खरी गरज असते, कारण वयानुसार तहान लागण्याची जाणीवच मंदावते. माळव्यातही मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तहान नाही म्हणून न प्यायलेले पाणी चक्कर आणि थकवा होऊन समोर येते.

माईंच्या डॉक्टरांनी त्यांना दिवसाला साधारण दीड लिटर पाणी सांगितले. त्यांचा नेहमीचा स्टीलचा पेला लिटरच्या बाटलीने मोजून पाहिला, तो १५० मिलिलिटरचा निघाला. म्हणजे दहा पेले. औषधाच्या चार वेळांना एकेक पेला आपोआप जातो, उरले सहा. तेवढ्यासाठीच आठवण हवी होती. आधी मात्र ती सकाळी सात ते रात्री दहा, दर तासाला लावलेली होती. दिवसात पंधरा-सोळा वेळा हात थरथरे, आणि माई न पाहताच पडदा पुसून टाकत. औषधाचा गजरही त्याच ओघात पुसला जाई. पाण्याच्या आठवणी जितक्या जास्त, तितके औषधाच्या गजराकडे लक्ष कमी, हे आम्ही एकापेक्षा जास्त घरांत पाहिले आहे.

आता Start time 10:00, End time 18:00 आणि Interval ९० मिनिटे ठेवले आहे. त्यामुळे आठवण १०, ११.३०, १, २.३०, ४ आणि ५.३० ला येते. नेमक्या सहा वेळा, आणि औषधाच्या एकाही गजरावर ती आदळत नाही. साडेपाचनंतर पाण्याची आठवण नाही, कारण रात्री लघवीसाठी अंधारात उठताना पडण्याचा धोका असतो. तिथे एक बारकावा पाहावा लागतो. काही घड्याळे पहिली आठवण सुरुवातीच्या वेळेलाच देतात, काही पहिले अंतर संपल्यावर. दुसरा प्रकार असेल तर सुरुवात ८.३० ची ठेवावी, म्हणजे पहिली आठवण दहाला येईल. पहिल्या दिवशी आठवणी कोणकोणत्या वेळी आल्या ते वहीत टिपले की प्रकार कळतो.

यानंतर घड्याळातल्या बाकीच्या सगळ्या थरथरी बंद कराव्यात. फार वेळ बसून राहिलात म्हणून उठा सांगणारी आठवण, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, पावलांचे अभिनंदन, बातम्या. घरच्या फोनची सूचना हवी तर ठेवावी. तसेच Do not disturb किंवा झोपेची व्यवस्था चालू असताना औषधाचा गजर वाजतो ना, हेही तपासावे. गजर सहसा वाजतो आणि आठवण सहसा दबते, पण खात्री आपल्या घड्याळावरच करावी. माईंच्या मनगटावर आता दिवसात फक्त औषध आणि पाणी. औषध दीर्घ थरथरते आणि थांबत नाही, पाणी दोनदा थरथरून गप्प होते. पडद्याकडे न पाहताही त्यांना फरक कळतो.

घड्याळाला चार्जिंगची वेळही ठरवून द्यावी लागते. रात्रभर चार्जरवर ठेवायची सवय असेल तर सकाळचा साडेसहाचा गजर टेबलावर थरथरतो. माई संध्याकाळी देवापुढे दिवा लावतात तेव्हा घड्याळ चार्जरवर ठेवतात आणि स्तोत्रे आटोपली की हातात घालतात. त्या वेळात कोणताही गजर नाही.

पहिला आठवडा आणि संकष्टी

लावून दिले आणि काम संपले असे होत नाही. पहिला आठवडा घरातल्या कोणीतरी रोज संध्याकाळी डबी पाहावी आणि माईंना एकच विचारावे, ‘‘आज स्नूझ किती वेळा दाबलं?’’ एकाच गजराला रोज दोन-तीन वेळा स्नूझ होत असेल, तर चूक माणसाची नाही, वेळेची आहे. माईंच्या घरी रात्रीचा साडेआठचा गजर रोज तीनदा पुढे ढकलला जात होता. मुलगा-सून आल्यावर जेवण नऊच्या सुमाराला होते आणि गोळी जेवणानंतरची, मग गजर लवकरच वाजणार. तो ९.१५ ला नेला आणि स्नूझ जवळजवळ थांबले. उलट, एखाद्या गजराला कधीच स्नूझ होत नाही पण खणात गोळी उरते, तर Stop आधी दाबले जाते आहे असे समजावे आणि नियम पुन्हा सांगावा.

आपल्या घरांत एक अडचण हमखास येते ती उपवासाची. संकष्टीला जेवण चंद्रोदयानंतर, आणि तो पुष्कळदा नऊनंतर होतो. नेहमीचा रात्रीचा गजर वाजतो तेव्हा पान वाढलेलेही नसते. तीन स्नूझ संपले की गजर गप्प होतो. अशा दिवशी सकाळीच दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ पाहावी आणि तिच्यापुढे पाऊण तासाचा एक गजर Repeat मध्ये Once निवडून लावावा. तो एकदा वाजून आपोआप बंद होतो, रोजच्या गजरांना हात लावावा लागत नाही. रोजचा ९.१५ चा गजर त्या दिवशी वाजला तर डबी पाहून, जेवण व्हायचे आहे हे लक्षात घेऊन तो बंद करायचा. पण ज्यांना साखरेची गोळी आहे त्यांनी उपवासाच्या दिवशी ती घ्यायची का, कशाबरोबर घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारलेले हवे. हे घड्याळाने ठरवायचे नाही आणि आपणही नाही.

साधे घड्याळ आणि घड्याळाची मर्यादा

स्मार्टवॉच नको असेल तर साधे डिजिटल घड्याळही चालते. कॅसिओच्या अनेक मॉडेलांत पाच गजर असतात आणि त्यांतल्या एकालाच स्नूझ असतो. स्नूझचा गजर बंद केला नाही तर दर पाच मिनिटांनी, सात वेळांपर्यंत वाजतो. बाकीचे गजर काही सेकंद वाजून थांबतात. तिथे स्नूझचा गजर सर्वांत हुकणाऱ्या वेळेला द्यावा. बॅटरी वर्षानुवर्षे चालते हा त्याचा मोठा फायदा, पण अनेक मॉडेलांत कंपन नसते. म्हणून विकत घेण्याआधी दुकानात गजर वाजवून, तो त्यांना स्वतःला दुसऱ्या खोलीतून ऐकू येतो का, हे पाहावे.

शेवटी मर्यादा. गजर का वाजतो आहे हेच ज्यांना उमगत नाही, दिवस-रात्र किंवा तारीख-वार यांचा गोंधळ होऊ लागला आहे, त्यांना घड्याळ उपयोगाचे नाही. तिथे गोळी हातात देणारे माणूसच हवे, आणि डबीही त्यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. इन्सुलिन आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे यांबाबत, माणूस कितीही सावध असला तरी, केवळ मनगटावरच्या गजरावर विसंबू नये. त्या वेळेला घरातल्या कोणीतरी फोन करून विचारावे.

आपल्या घरचे घड्याळ कोणत्या जातीचे आहे हे कळत नसेल, तर ते घेऊन मंडळात यावे. येताना ज्यांच्यासाठी लावायचे आहे त्यांनाही आणावे आणि गोळ्यांचा तक्ता कागदावर लिहून आणावा. गजर त्यांच्याच बोटांनी स्नूझ आणि बंद करून पाहिल्याशिवाय आम्ही घड्याळ परत देत नाही.